डिसेंबर आला की ड्रेसिंग रूम बिघडते: Football Manager मध्ये खेळवण्याचा शब्द, मोराल आणि प्रेस

गेल्या महिन्यात माझा मावसभाऊ कोथरूडहून लॅपटॉप घेऊन थेट घरी आला. फोनवर एवढंच म्हणाला होता, "दादा, परत तेच झालं." Football Manager या क्लब चालवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये त्याचा इंग्लंडच्या तिसऱ्या पातळीवरच्या लीग वनमधला क्लब, दुसरा सीझन. नोव्हेंबरअखेर पाचवं स्थान, म्हणजे वरच्या लीगमध्ये जाण्यासाठीच्या प्लेऑफच्या पट्ट्यात. मग डिसेंबरमध्ये एक खेळाडू नाराज झाला, जानेवारीत त्याचे चार मित्र नाराज झाले आणि फेब्रुवारीत संघ बाराव्या स्थानावर. आधीच्या सेव्हमध्येही, म्हणजे साठवून ठेवलेल्या आधीच्या खेळातही, त्याचं हेच झालं होतं. त्या वेळी दोष टॅक्टिक्सचा वाटला म्हणून त्याने फॉर्मेशन बदललं, प्रेसिंग कमी केलं, पण पुढच्या डिसेंबरला पुन्हा तीच गत.

ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की त्याचा सेव्ह आम्ही दोन दिवस बसून उलटा उलगडला. पुढे जे लिहितोय ते FM24, म्हणजे Football Manager 2024 वरचं आहे. दुसऱ्या आवृत्तीत पडद्यांच्या जागा वेगळ्या असतील.

पहिला प्रश्न असा की मोराल, म्हणजे खेळाडूंचं मनोबल, पडलंय ते निकालांमुळे की कुणाच्या तक्रारीमुळे? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. संघ हरतो, चेहरे लाल होतात, असिस्टंट संघाची बैठक घ्यायला सांगतो. ओळखायचं असेल तर ड्रेसिंग रूममधली नाती दाखवणारा Dynamics विभाग उघडून Happiness आणि Social Groups ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवून वाचा. सलग पराभवांमुळे पडलेलं मोराल सगळ्यांचं थोडंथोडं पडतं; कर्णधार, राखीव गोलकीपर, नुकताच आलेला डिफेंडर, सगळे एक-दोन पायऱ्या खाली. तक्रारीमुळे पडलेलं मोराल ठिपक्याठिपक्याने पडतं. पाच-सहा जण खूप खाली असतात, बाकीचे ठीक असतात, आणि ते पाच-सहा बहुतेक एकाच गटातले निघतात. भावाच्या सेव्हमध्ये नाराज पाचही जण दुय्यम गटातले होते. त्यातले तीन एकाच देशाचे, आणि एकाचं नाव पदक्रमात Highly Influential मध्ये. बाकीची ड्रेसिंग रूम शांत होती. म्हणजे टॅक्टिक्सचा काही दोष नव्हता. त्याने चार महिने भलत्याच ठिकाणी औषध लावलं होतं.

मग मूळ नाराज खेळाडूच्या पानावर गेलो. एकोणीस वर्षांचा डावा विंगर, मागच्या उन्हाळ्यात एका मोठ्या क्लबच्या अकादमीतून फुकट मिळालेला. त्याच्या Happiness मध्ये दोन लाल ओळी होत्या. एक खेळायला मिळत नसल्याची, दुसरी मॅनेजरने शब्द मोडल्याची. भाऊ म्हणाला, "शब्द मी डिसेंबरात दिला, तो पाळता आला नाही हे खरं. पण त्याआधी तो का चिडला तेच कळत नाही. मी तर त्याला Squad Player, म्हणजे आलटूनपालटून खेळणारा म्हणून घेतला होता."

तसा घेतलाच नव्हता. काँट्रॅक्टचं पान उघडल्यावर खरा प्रकार कळला. सही करताना एजंटने खेळण्याच्या वेळेचा पुढच्या सीझनांचा आराखडा मागितला होता आणि भावाने तो न वाचता मान्य केला होता. पहिल्या सीझनला Breakthrough Prospect, म्हणजे अधूनमधून संधी मिळणारा होतकरू, दुसऱ्या सीझनपासून Regular Starter, म्हणजे नेहमी सुरुवातीपासून खेळणारा. पहिला सीझन सुखाने गेला, कारण पोराची अपेक्षाच कमी होती. जुलै उजाडला, सीझन बदलला आणि त्याचा दर्जा आपोआप वर सरकला. मॅनेजरने काहीच केलं नाही, आणि काहीच न केल्यामुळे नवा करार लागू झाला.

जुने खेळाडू इथे हटकून फसतात, कारण त्यांच्या डोक्यात अजून जुनी पद्धत असते. FM20 च्या आधी संघातला दर्जा ही बरीचशी मॅनेजरच्या मनातली चिठ्ठी होती. FM20 पासून त्याजागी Agreed Playing Time आलं. नावातच सांगितलंय की हे दोघांनी ठरवलेलं आहे. ते काँट्रॅक्टमध्ये बसतं, आणि पुढच्या सीझनांची पायरी लिहिली असेल तर ती पायरीही त्याच कराराचा भाग असते. बारा महिन्यांपूर्वीची आपली सही खेळाडूला आठवते आणि आपण विसरलेलो असतो.

आता आकडे. बारा डिसेंबरला लीगचे एकवीस सामने झाले होते. पोरगा सात सामन्यांत पहिल्या अकरात होता, आठ सामन्यांत बदली म्हणून उतरला आणि सहांमध्ये उतरलाच नाही. भावाच्या हिशेबाने एकवीसपैकी पंधरा सामने म्हणजे भरपूर. पण Regular Starter हा दर्जा मिळालेल्या खेळाडूचं सत्तराव्या मिनिटाला मैदानात येऊन समाधान होत नाही. त्याला सुरुवात करायची असते. त्याच्या नजरेने हिशेब एकवीसपैकी सात असा होता, आणि ती तक्रार रास्त होती.

बरं, सात का? कारण डाव्या बाजूला दुसरा विंगरही होता. एकोणतीस वर्षांचा, Important Player, आणि Team Leaders मध्ये पहिलं नाव. फॉर्मेशन 4-2-3-1, त्यात डाव्या बाजूला जागा एक आणि ती आपलीच समजणारे दोघे. हे भांडण डिसेंबरमध्ये उघड झालं, पण ते जुलैपासून कागदावर होतं.

तेरा डिसेंबरला पोरगा मॅनेजरच्या खोलीत आला. इथे बहुतेकांची घाई होते. पर्यायांच्या यादीत सगळ्यात गोड उत्तर असतं, "तुला जास्त खेळवीन". ते निवडलं की पोरगा हसून बाहेर जातो, मोरालचा बाण वर वळतो आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आधीच्या एका कराराच्या डोक्यावर आपण दुसरा, जास्त कडक करार बसवलेला असतो. पहिला पूर्ण सीझनचा होता. हा काही आठवड्यांचा असतो, त्याला मुदत असते, आणि दिलेल्या शब्दांची नोंद गेम स्वतः ठेवतो.

त्यात हा शब्द कुठल्या दिवशी दिला ते पाहा. इंग्लंडमध्ये नाताळच्या सुमारास सामन्यांची रीघ लागते. 14, 21, 26 आणि 29 डिसेंबर, मग 1 जानेवारी, आणि पुढेही आठवड्याला एक. भावाला वाटलं, सामने भरपूर आहेत म्हणजे संधीही भरपूर मिळतील. पण त्याच दिवसांत तो गुणांसाठी अडलेला होता, म्हणून कठीण सामन्यांत अनुभवी विंगरच घेतला. शब्द दिल्यानंतरच्या आठ सामन्यांत पोरगा तीनदा सुरुवातीला खेळला, चारदा बदली आला, एकदा बेंचवरच राहिला. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात शब्द मोडल्याची बातमी आली.

आणि मग प्रेस. सामन्याआधीच्या पत्रकार परिषदेत एकाने पोराचं नाव घेऊन विचारलं, तो नाराज असल्याचं ऐकतोय, काय म्हणाल? भावाने बोट रोखून, ठणकावणाऱ्या हावभावासह उत्तर निवडलं, की क्लबपेक्षा मोठा कुणीच नाही. ते ऐकायला बाणेदार होतं, पण पोराच्या माहितीत माध्यमांशी वागण्याच्या रकान्यात Volatile, म्हणजे भडकू, लिहिलेलं होतं. दोन दिवसांत त्याच्या यादीत तिसरी लाल ओळ आली आणि त्याच्या गटातले चौघे त्याच्या बाजूने उभे राहिले. पुढचे सहा सामने म्हणजे दोन बरोबरी आणि चार पराभव.

खरा बिघाड प्रेसमध्ये झाला नव्हता. प्रेसने फक्त जखमेवरची खपली काढली. म्हणून "पत्रकार परिषदेत काय उत्तर द्यायचं" एवढंच जे विचारतात त्यांना मी आधी काँट्रॅक्टचं पान उघडायला सांगतो.

भावाकडे जुलैचा सेव्ह शिल्लक होता. तो लोड करून आम्ही तिथूनच सुरुवात केली.

पहिलं काम Squad च्या पानावर दोन रकाने लावायचं, Agreed Playing Time आणि Actual Playing Time. पहिल्यात ठरलेलं दिसतं, दुसऱ्यात प्रत्यक्षात काय चाललंय ते. जुलैमध्ये दुसरा रकाना अजून काही सांगत नाही, पण पहिला वाचायचाच. Regular Starter आणि त्यावरचे सगळे, म्हणजे Important Player आणि Star Player, कागदावर मोजा. भावाच्या संघात ते सतरा निघाले. जागा अकरा. दुखापती आणि निलंबनं धरून मी तेरा, फार तर चौदा चालवून घेतो. हा माझा अनुभवातला अंदाज आहे, गेमचा नियम नाही. पण सतरा म्हणजे डिसेंबरमध्ये कमीत कमी तिघे दार वाजवणार हे ठरलेलंच.

नुसती बेरीजही पुरत नाही. प्रत्येक जागेसमोर नावं लिहून पाहावी लागतात. बेरीज चौदा असली आणि त्यातले तिघे सेंटर फॉरवर्ड असले, तर एकाच स्ट्रायकरच्या फॉर्मेशनमध्ये दोघे कायम रागावलेले राहणार. भावाच्या यादीत डाव्या विंगला दोन, राइट बॅकला दोन आणि डिफेन्सिव्ह मिडफिल्डला दोन जागांसाठी चार अशी अडचण होती. बाकी सगळीकडे ठीक होतं. मिडफिल्डमधला एक विकला, एक लोनवर दिला. राइट बॅकमधला मोठा खेळाडू खाली यायला तयार झाला. तो चौतीस वर्षांचा होता, Squad Player म्हटल्यावर कुरकुरला नाही.

विंगरचं प्रकरण किचकट होतं. आमच्यासमोर तीन रस्ते होते. वयस्क विंगरला खाली आणायचं, तर तो ड्रेसिंग रूमचा पुढारी. त्याला दुखावलं की त्याचा सगळा मुख्य गट हलणार, म्हणजे पोराचा प्रश्न मिटवताना त्याहून मोठं संकट ओढवून घ्यायचं. पोराला उजवीकडे खेळवायचं, तर तो डाव्या पायाचा असूनही उजवीकडे बरा खेळत होता, पण तिथे अजून तो सरावलेला नव्हता आणि लीग वनमध्ये पाचव्या स्थानासाठी भांडताना मला तो जुगार वाटला. तिसरा रस्ता पोराचा दर्जाच बदलायचा.

दर्जा थेट खालीही करता येतो. पण नुसता खाली केला की खेळाडू विचारतो, का? आणि त्याला देण्यासारखं आपल्या हातात काही नसतं. म्हणून आम्ही तो नव्या काँट्रॅक्टच्या बोलणीत आणला. पगार आठवड्याला अकराशे पौंड होता, तो सोळाशे करायची तयारी दाखवली आणि यंदासाठी Squad Player मांडलं. एजंटने आधी नकार दिला. मग पुढच्या सीझनला Regular Starter ही पायरी आम्ही मान्य केली आणि सही झाली. ती पायरी आम्ही या वेळी जाणूनबुजून लिहिली, कारण वयस्क विंगरचं काँट्रॅक्ट पुढच्या जूनमध्ये संपणार होतं. म्हणजे जागा तेव्हाच रिकामी होणार. पायरीवर सही करण्याआधी ती जागा त्या सीझनला खरोखर मोकळी असेल का, हे त्याच वेळी पाहायचं.

या वेळी बारा डिसेंबरपर्यंत पोरगा एकवीसपैकी आठ सामन्यांत सुरुवातीला खेळला. आधीपेक्षा फक्त एक जास्त. तक्रार आली नाही. हा आकडा मी भावाला दोनदा दाखवला. खेळवणं जवळजवळ तेवढंच होतं, बदलली ती अपेक्षा.

एकाच सेव्हवरून नियम बांधता येत नाही. गेममध्ये नशिबाचा भाग असतो, आणि तोच जुलै पुन्हा खेळलात तर दुखापती वेगळ्या होतील, निकाल वेगळे लागतील. पण ज्यांच्याकडे जुलैचा सेव्ह नाही आणि पोरगा आत्ता दारात उभा आहे, त्यांच्यासाठीही काही गोष्टी पक्क्या सांगता येतात.

बोलणीच्या पडद्यावर उत्तर देण्याआधी, शक्य असेल तर, तिथून बाहेर पडून पुढच्या सहा-आठ सामन्यांचं वेळापत्रक पाहून या. त्यातल्या किती सामन्यांत तुम्ही त्याला मनापासून सुरुवातीला घ्याल हे बोटांवर मोजा. निम्म्याहून जास्त असतील तरच शब्द द्या. नसतील, तर त्याने प्रशिक्षणात आणि मिळालेल्या संधीत दाखवून द्यावं असं सांगणारं उत्तर बरं. तो थोडा नाराज होऊन जाईल, पण ती नाराजी एकट्याची असते आणि चार आठवड्यांत उतरते. मोडलेल्या शब्दाची नाराजी गटात पसरते, हा मोठा फरक आहे. शिवाय त्याच्या प्रशिक्षणाचं रेटिंग बघून ठेवा. पडलेलं असेल तर तुमच्या उत्तराला आधार मिळतो. उत्तम चाललेल्या पोराला "मेहनत कर" म्हटलंत तर तो ऐकत नाही, आणि का ऐकावं?

शब्द दिलाच असेल तर तो संघनिवडीच्या डोक्यावर बसवा. भावाला मी एक साधी सवय लावली. खेळाडूच्या नावाशी टीप जोडायची आणि त्यात तारीख व सुरुवातीचे सामने लिहीत जायचे, चारपैकी दोन, पाचपैकी तीन. सोपा प्रतिस्पर्धी घरच्या मैदानावर असेल तेव्हा त्याला पहिल्या मिनिटापासून घ्या आणि साठाव्या मिनिटाला बाहेर काढा. उलटं, म्हणजे साठाव्याला आत घेणं, या कामाला फारसं येत नाही.

शब्द मोडून गेला असेल, तर पुन्हा पुन्हा खोलीत बोलावू नका. प्रत्येक बोलणीत बिघडण्याची शक्यता असते. जानेवारीची खिडकी उघडी असेल तर लोनवर पाठवून द्या. सहा महिने दुसरीकडे रोज खेळला तर त्याचं मनही निवतं आणि त्याच्या मित्रांकडे भांडायला कारण राहत नाही. "योग्य ऑफर आली तर सोडीन" असा शब्द मात्र किंमत मनात ठरवल्याशिवाय देऊ नका. तोही शब्दच आहे, आणि मोडला तर यादीत आणखी एक लाल ओळ.

आता प्रेस, थोडक्यात. तक्रार चालू नसेल तेव्हा पत्रकार परिषदा असिस्टंटकडे सोपवायला माझी हरकत नाही, फक्त त्याचा स्वभाव आधी पाहून घ्या. तापट असिस्टंट तुमच्या वतीने कुणालाही डिवचून येईल. तक्रार चालू असेल तेव्हा स्वतः जा, आणि त्या खेळाडूचं नाव असलेल्या प्रश्नापुरतंच जपून बोला. FM21 पासून सुरांऐवजी हावभाव निवडायचे असतात. अशा प्रश्नाला शांत हावभाव, आणि प्रकरण आपण आपसांत मिटवू अशा अर्थाचं उत्तर. तो नक्की खेळणार असं प्रेससमोर बोलायचं नाही, अगदी उद्याच्या संघात त्याचं नाव असलं तरी. सकाळी सराव सामन्यात पाय मुरगळला तर काय करणार? आणि स्तुती करायची तर तो खेळलेल्या सामन्यानंतर, त्या खेळाबद्दल. बेंचवर बसवलेल्या खेळाडूची स्तुती त्याला टोमण्यासारखी लागू शकते.

भाऊ लहानपणी बालेवाडीला एफसी पुणे सिटीचे सामने बघायला जायचा. 2019 मध्ये तो क्लब गेला, पण बेंचवरून उठून बाजूच्या रेषेलगत वॉर्मअप करत राहणारी आणि शेवटपर्यंत आत न गेलेली मुलं त्याला अजून आठवतात. त्या रविवारी रात्री निघताना म्हणाला, की लॅपटॉपवरचा पोरगासुद्धा त्यांच्यासारखाच वाटला आणि म्हणूनच तेरा डिसेंबरला तोंडातून पटकन शब्द गेला.

परवा त्याने स्क्रीनशॉट पाठवला. तिसऱ्या सीझनचा जुलै, Regular Starter आणि त्यावरचे मिळून चौदा. वयस्क विंगर करार संपवून गेलाय, पोरगा डावीकडे एकटा. खाली विचारलं होतं, "दादा, लेफ्ट बॅकला दोघे Regular Starter आहेत, धाकट्याला ऑगस्टआधी लोनवर देऊ का?" मी उलट विचारलं, धाकट्याच्या काँट्रॅक्टमध्ये पुढच्या सीझनला काय लिहिलंय? तो पान उघडून बघायला गेला.